वगैरे वगळून

माझ्या व्यावसायिक आयुष्यातला सर्वांत महागडा शब्द ‘वगैरे’ हा आहे. तो मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत असताना, एका कोटेशनमध्ये टाइप केला होता. वाद्यवादन शिकवणाऱ्या एका गृहस्थांना पाच पानांची वेबसाइट करून द्यायची होती, माझा अंदाज ४० तासांचा होता आणि कामाचे वर्णन मी एका वाक्यात उरकले होते : ‘पाच पानांची वेबसाइट, त्यात संपर्काचा फॉर्म वगैरे.’ तो शब्द आल्यामुळे वाक्याला कसे मोकळेढाकळे, आपुलकीचे वळण आले आहे, असे मला वाटले. कोऱ्या चेकवर सही करतानाही माणसाला असेच दिलदार वाटत असावे.

फॉर्म दोन तासांत तयार झाला. ‘वगैरे’ त्यानंतर १९ तास चालले. फॉर्ममधला निरोप वेबसाइटच्याच नावाच्या ईमेल पत्त्यावर यावा, अशी गुरुजींची इच्छा होती आणि ती अगदी रास्त होती. म्हणून तो पत्ता उघडून दिला. पत्ता उघडला म्हटल्यावर तो त्यांच्या फोनवर दिसायला हवा, त्यांच्या फोनवर दिसला म्हटल्यावर त्यांच्या पत्नीच्या फोनवरही दिसायला हवा, आणि आता नवा पत्ता झालाच आहे तर जुन्या पत्त्यावरची ११ वर्षांची पत्रे इकडे आणायला कितीसा वेळ लागणार, असे एकातून एक निघत गेले. यातली एकही मागणी सुटी पाहिली तर अवास्तव नव्हती, ही त्यातली खरी गोम. प्रत्येक मागणी आधीच्या मागणीची सख्खी धाकटी बहीण होती आणि थोरलीला घरात घेतल्यावर धाकटीला दारात उभे ठेवणे मला जमेना. शेवटी मी धीर करून विचारले, “पण हे आपल्या ठरलेल्या कामात कुठे होतं?” गुरुजी शांतपणे म्हणाले, “अहो, तुम्हीच लिहिलंय ना, वगैरे म्हणून.”

ते काम ९३ तासांनी संपले. संपले म्हणजे मी दोन दिवस फोन उचलला नाही.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मी पुढच्या कामाच्या वेळी पाणीसुद्धा फुंकून प्यायला बसलो. ‘या कामात समाविष्ट नसलेल्या बाबी’ या मथळ्याखाली मी ६१ कलमे लिहिली. छापील पत्रके, चित्रफिती, मोबाइल अॅप, भाषांतर, बोधचिन्ह यांच्यापासून सुरुवात करून मी सर्व्हरच्या खोलीला लागलेल्या आगीपर्यंत पोहोचलो. ग्राहक बाईंनी ती चार पाने वाचून अत्यंत सभ्यपणे विचारले, “तुम्ही जे करणार आहात, ते कितव्या पानावर आहे?” काम मिळाले, पण त्या बाई पुढे माझ्याशी वकिलाशी बोलावे तशा बोलत राहिल्या.

आणि एवढे करूनही काम घसरायचे ते घसरलेच. यादीत ‘छायाचित्रण’ ठळक अक्षरांत वगळलेले होते, त्याप्रमाणे बाईंनी छायाचित्रे स्वतः काढली आणि १४० छायाचित्रे मला पाठवली. काही आडवी होती, काही उलटी होती, बहुतेकांत कोपऱ्यात कोणाचे तरी बोट होते आणि एकेक छायाचित्र इतके जड होते की, पान उघडेपर्यंत पाहणारा निघून गेला असता. त्यांतून निवड करणे, ती कातरणे, सरळ करणे आणि हलकी करणे हे कोणाचे काम, याबद्दल माझी ६१ कलमे मूग गिळून बसली होती. आगीचा बंदोबस्त करून ठेवला होता, बोटाचा नव्हता.

तिथे मला माझ्या यादीचा दोष कळला. जे कोणाच्या मनातच येणार नाही, ते वगळण्यात मी चार पाने घालवली होती. काम वाढते ते कबूल केलेल्या गोष्टीच्या अगदी काठावरून, जिथे समोरच्याने ‘हे तर त्यातच आले’ असे मनाशी धरलेले असते आणि ते इतके पक्के धरलेले असते की, तो ते बोलूनही दाखवत नाही. म्हणून वगळलेल्या बाबींची शेवटी वेगळी जंत्री न करता मी आता प्रत्येक कबूल बाबीच्या खालीच तिचा काठ लिहितो. छायाचित्रांचे उदाहरण घेतले, तर ‘ग्राहकाने निवडून दिलेली २० पर्यंत छायाचित्रे पानांवर लावणे आणि वेबसाठी हलकी करणे’ ही बाब, आणि लगेच खाली, ‘निवड, कातरणी, रंगसुधारणा आणि बोटे पुसणे यात नाही’. बोटांचा उल्लेख मी नंतर काढला, पण जड मनाने.

काठ कुठे आहे हे घरी बसून समजत नाही. त्यासाठी ग्राहकाला बोलते करावे लागते. मी दोन गोष्टी करतो. पहिली म्हणजे त्यांचा सर्वांत पहिला ईमेल पुन्हा वाचतो आणि त्यात आलेल्या प्रत्येक वस्तूखाली रेघ ओढतो. ज्या वस्तूला माझ्या टिपणात आत किंवा बाहेर यांपैकी एकही जागा मिळालेली नाही, ती वस्तू पुढे फोन करणार हे निश्चित असते. दुसरी म्हणजे एक निरागस प्रश्न विचारतो : “वेबसाइट सुरू झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही काय कराल?” एका योगशिक्षिकेने यावर उत्साहाने सांगितले, “मी रोज सकाळी बसून वेळापत्रक बदलणार!” मी त्यांच्यासाठी जी पाने योजली होती, त्यांतले एक अक्षरही माझ्याशिवाय कोणाला बदलता आले नसते. म्हणजे रोज सकाळी त्या बसल्या असत्या आणि बदलत मी बसलो असतो. मग वेळापत्रकाचे पान त्यांना स्वतः बदलता येईल असे करणे आणि ते कसे बदलावे हे एक तास शिकवणे, या दोन गोष्टी मी कामाच्या आत घेतल्या आणि अंदाज सहा तासांनी वाढवला. वगळायच्या बाबी शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती अशा आत घ्यायच्या बाबीही लागतात, आणि त्या कामाआधी लागल्या तर त्यांचे पैसे मिळतात.

ज्या फॉर्मने मला रडवले, त्याचे कलम आता माझ्या टिपणात असे असते : ‘संपर्काच्या पानावर एक फॉर्म, त्यात नाव, ईमेल आणि निरोप असे तीन रकाने. भरलेला मजकूर ग्राहकाच्या चालू असलेल्या एका ईमेल पत्त्यावर पोहोचेल. तीन चाचणी-निरोप इनबॉक्समध्ये मिळाले की हा भाग पूर्ण झाला असे धरले जाईल. यात नाही : नवा ईमेल पत्ता उघडणे, फोनवर ईमेल बसवणे, जुनी पत्रे हलवणे. यांपैकी काही हवे असल्यास तासांचा वेगळा अंदाज देऊन, लेखी होकारानंतर केले जाईल.’ शेवटचे वाक्य नसेल, तर वगळलेली बाब तोंडावर दार आपटल्यासारखी वाटते. ते असले की दाराशेजारी घंटा आहे हे दिसते. चेहऱ्यांवरचा फरक मी दोन्ही प्रकारे पाहिला आहे.

या कलमावर मी इतका खूश होतो की, त्याने मला एकदा तोंडघशी पाडले. एका टिपणात मी ‘डोमेनच्या सेटिंगमधील बदल’ हेही रुबाबात वगळले होते. चाचणीचे तिन्ही निरोप पोहोचले, पण इनबॉक्समध्ये न जाता स्पॅममध्ये जाऊन बसले. कारण असे की, फॉर्म निरोप पाठवताना डोमेनचे नाव वापरत होता आणि त्या डोमेनच्या नोंदींमध्ये ‘या सर्व्हरला आमच्या नावाने पत्रे पाठवण्याची मुभा आहे’ असे सांगणारी एसपीएफची ओळ नव्हती. त्यामुळे घेणाऱ्या बाजूने त्याला तोतया ठरवले. ती ओळ लिहायची म्हणजे डोमेनच्या सेटिंगला हात लावणे आले, आणि ते तर मीच वगळलेले. मी कलमावर बोट ठेवले. ग्राहकांनी दोन ओळी वरच्या ‘इनबॉक्समध्ये मिळाले की’ या शब्दांवर बोट ठेवले. त्यांचे बोट बरोबर होते. कबूल केलेली वस्तू ज्याच्यावाचून चालूच शकत नाही ते वगळायचे, म्हणजे खुर्ची देऊन पाय वेगळे विकण्यासारखे आहे. ती ओळ मी गुपचूप लिहून दिली आणि ते कलम कायमचे काढून टाकले.

बदलांच्या फेऱ्यांबद्दल फार सांगत नाही, कारण तो विषय निघाला की माझा आवाज चढतो. ‘दोन फेऱ्या’ असे नुसते लिहून चालत नाही, एवढेच सांगतो. फेरी म्हणजे एका ठरलेल्या माणसाने, सर्वांची मते गोळा करून, एकाच संदेशात पाठवलेले बदल, असे लिहावे लागते. नाही तर दुसरी फेरी आटोपल्यावर ग्राहकांचे मेहुणे प्रकट होतात, ज्यांना रंगातले कळते.

सर्वांत कठीण भाग मात्र कागदावरचा नाही. वगळलेली गोष्ट कोणी प्रेमाने मागितली की माझा जीव विरघळतो आणि पंधरा मिनिटांचे काम मी करून टाकतो. एकदा असे फुकट केले की कागदावरचे कलम तिथेच असते, पण त्याचा दरारा जातो. म्हणून हल्ली असे काम केलेच, तर बिलात त्याची ओळ लिहितो, नेहमीच्या दराने रक्कम दाखवतो आणि तेवढीच सूट दाखवून शून्य करतो. एका ग्राहकांनी विचारले, “शून्यच घ्यायचं होतं, तर लिहिलं कशाला?” मी म्हटले, “तुम्ही वाचावं म्हणून.”

त्यांनी ते वाचले असावे. कारण मागच्या आठवड्यात त्यांचा संदेश आला : ‘तुमच्या यादीत बाहेर ठेवलेल्यांपैकी चौथी बाब आम्हाला हवी आहे. किती तास लागतील ते कळवा, लेखी होकार देतो.’ इतक्या वर्षांत असा संदेश मला कोणी पाठवला नव्हता. मी तो दोनदा वाचला, डोळे पुसले आणि भरल्या मनाने लगेच उत्तर टाइप करून पाठवले : ‘चार तास वगैरे.’