आखा चौकटी, मोजा फोटो!

एआयला गाड्या ओळखायला शिकवायचं म्हणून रस्त्याच्या फोटोंत प्रत्येक गाडीभोवती चौकट आखायची, हे माझं काम. आठ तासांत 300 फोटो करायचे, म्हणजे फोटोमागे 96 सेकंद. रिकाम्या रस्त्याला ठीक आहे हो! पण स्वारगेटच्या चौकाचा फोटो आला की त्यात 40 दुचाक्या. एकेकीभोवती चौकट आखायला पाच सेकंद धरले तरी 200 सेकंद गेले. बसमागून नुसतं हँडल दिसणारी गाडीसुद्धा आखा, असं नियमच सांगतो. लीडरबोर्ड मात्र फोटो मोजतो, चौकटी नाही! रोज पहिला येणारा पठ्ठ्या समोरच्या दहा-बारा गाड्या आखतो आणि सबमिट मारतो. तपासणी शंभरातल्या पाच फोटोंची, तो सापडणार कधी? मी सगळ्या आखल्या, नंबर एकेचाळिसावा. वर टीम लीडचा मेसेज, ‘ताई, जरा स्पीड वाढवा.’