मुक्काम नामंजूर

परवा साहेबांकडे कोल्हापूरला जायची परवानगी मागितली. कामासाठी. पण कोल्हापूर म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांसमोर पांढरा रस्सा येतो, आणि आपण तिथेच हरतो.

शिरोलीच्या एका फाउंड्रीतून आम्हाला महिन्याला २,००० पंप हाउसिंग येतात. त्यातली १६० ब्लोहोलमुळे बाद होतात. वरून कास्टिंग गुळगुळीत, मशीनवर वरचा थर निघाला की आत भोकंच भोकं. कास्टिंगचे पैसे डेबिट नोट लावून वसूल होतात, पण नगामागे मशीनिंगचे २५० रुपये आमचेच बुडतात. बाद नगांचे हीट नंबर, म्हणजे कुठला नग कुठल्या ओतणीतला ते, पाहिले तर सगळे रात्रपाळीचे. माझा संशय साच्याच्या वाळूवर. वाळूत पाणी जास्त झालं की ओतताना वाफ होते आणि धातूत अडकते. ते बघायचं तर रात्री भट्टीशेजारी उभं राहून दर अर्ध्या तासाला ओलावा मोजायला हवा. फाउंड्रीवाले फोनवर "सगळं ओके" म्हणतात.

हे सगळं फॉर्मवर लिहिलं. एसटी जाऊन-येऊन १,१००, लॉज १,६००, जेवण ६००, रिक्षा ५००. एकूण ३,८००. बाद नग १६० वरून ६० वर आले तरी महिन्याला २५,००० वाचतात.

साहेबांनी फॉर्म वाचला. "रात्री तिथे काय काम?"

आता वाळूचं पुराण सांगणार, तोच शेजारच्या खुर्चीतले अकाउंट्सचे काका म्हणाले, "कोल्हापूर? मग माझं एक काम करा." त्यांनी बूट काढला. मोजाही काढला. माझा फॉर्म उचलून, उलटा करून जमिनीवर ठेवला, त्यावर पाऊल ठेवलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "मला वाकवत नाही हो. अंगठ्यापाशी जरा सैल धरा. कापशी चप्पल घ्या, करकर वाजणारी नको, हिला झोप लागत नाही."

आणि मी, बारा वर्षं नोकरी झालेला माणूस, उकिडवा बसून काकांचं पाऊल गिरवत होतो. टाचेपाशी गुदगुल्या झाल्या म्हणून त्यांनी पाय हलवला, तर साहेब म्हणाले, "अहो, नीट काढा, नाहीतर चावेल ती." वाळूच्या ओलाव्याबद्दल त्यांनी एवढी काळजी दाखवली असती तर मी पायी गेलो असतो.

फॉर्मच्या त्याच बाजूला काकांनी आठवण म्हणून लिहिलं, 'आठ नंबर, १,२०० पर्यंत'.

दुपारी फॉर्म परत आला. अकाउंट्सचा शेरा: 'मागील बाजूच्या १,२०० रुपयांचा खुलासा करावा.' खाली सही काकांचीच! खुलासा केला. चप्पल खाजगी आहे, पाय आपलाच आहे, असं लेखी दिलं.

संध्याकाळी मंजुरी आली. प्रवास मंजूर, जेवण निम्मं, लॉजवर लाल काट. 'एका दिवसात काम उरकून परत यावे.'

रात्रपाळीची भट्टी साडेनऊला लागते. माझी परतीची एसटी साडेसहाची. तोवर दिवसपाळीची वाळू बघेन, जिच्यात काहीच बिघाड नाही, आणि मग चप्पल लाइनला जाईन. काकांनी बाराशे रुपये मात्र रोख, आगाऊ दिलेत.