कंबर अंतर्वक्राची, चाल बहिर्वक्राची

दहावीच्या पोरांना शिकवणं सोपं असतं हो, पेपर तपासून परत दिल्यावर रविवारी सकाळी जे पालक येतात ना तो खरा पेपर असतो आपला. ह्या रविवारी एक बाबा आले, हातात उत्तरपत्रिका, मागे चिरंजीव. "सर, एवढी सुंदर आकृती काढलीय आणि पाचपैकी अर्धा?"

आकृती सुंदर होती हे मान्यच. अक्ष पट्टीने, बाण कोरून काढल्यासारखे, भिंग तर इतकं मन लावून काढलेलं की दोन्हीकडून आत गेलेली बारीक कंबर, वरखाली जाड काठ. म्हणजे अंतर्वक्र भिंग, शंकाच नको. प्रश्नही तोच होता: अंतर्वक्र भिंग, नाभीय अंतर २० सेंमी, ५ सेंमी उंचीची वस्तू ३० सेंमीवर, किरणाकृती काढा, प्रतिमा कुठे नि कशी ते सांगा. पठ्ठ्याने वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर किरण सोडला, तो त्या बारीक कंबरेच्या भिंगातून गेला, आणि खाली वळून पलीकडच्या F2 ह्या नाभीतून अगदी शिस्तीत बाहेर पडला. दुसरा किरण प्रकाशीय केंद्रातून सरळ. दोघं जाऊन भेटले ६० सेंमीवर. १ सेंमीला ५ सेंमी असं प्रमाण घेतलेलं, त्यामुळे भेटीची जागा भिंगापासून १२ सेंमी लांब, थेट समासात, आणि तिथे वटवाघळासारखी उलटी लटकलेली २ सेंमीची, म्हणजे प्रत्यक्षात १० सेंमीची प्रतिमा.

मी म्हटलं, अहो हे बहिर्वक्र भिंगाचे किरण आहेत. तर बाबा म्हणाले, "पण सर, गणितानेही ६०च येतंय की, दोन्ही जुळतंय."

आणि इथेच तर सगळी मजा आहे. 1/v − 1/u = 1/f ह्या सूत्रात u म्हणजे वस्तूचं अंतर, v प्रतिमेचं, f नाभीय अंतर; त्याने u ला −30 बरोबर टाकलं आणि f ला +20 टाकलं. बहिर्वक्राचं f धन, अंतर्वक्राचं ऋण, एवढं एकच चिन्ह, पण ते चुकलं की 1/20 मधून 1/30 वजा होऊन 1/60 येतं आणि v = +60 होतं, म्हणजे आकृतीत आलं अगदी तेच. बाबांना वाटलं दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी एकच उत्तर आलं म्हणजे ते पक्कं. अहो पण दोन्ही रस्ते एकाच चुकीच्या नाक्यावरून सुटलेत ना! आकृतीत समांतर किरण F2 मधून घालवणं आणि सूत्रात f धन घेणं ही एकच चूक, एकदा पेन्सिलने केलेली नि एकदा पेनाने. मग जुळणार नाही तर काय. हा पडताळा नव्हेच.

चिरंजीवांना विचारलं, बाबा रे, किरण आत का वळवलास? म्हणे, "वस्तू F1 आणि 2F1 च्या मध्ये, मग प्रतिमा 2F2 च्या पलीकडे, उलटी, वास्तव, मोठी." एका दमात. म्हणजे बहिर्वक्राचा तो सहा ओळींचा तक्ता पोराने घोकलेला, आणि ३० हा आकडा २० आणि ४० च्या मध्ये बसलेला दिसल्याबरोबर चौथी ओळ तोंडातून बाहेर. भिंगाचा आकार त्याने सगळ्यात शेवटी काढला होता, प्रश्नात तसं लिहिलंय म्हणून. अंतर्वक्राला तक्त्यात दोनच ओळी असतात, वस्तू अनंत अंतरावर आणि वस्तू इतर कुठेही, आणि इतक्या छोट्या गोष्टीवर प्रश्न येणार नाही असं ह्या पोरांचं ठाम मत असतं. का ते विचारू नका.

मग त्याला शेजारी बसवलं. म्हटलं तक्ता विसर, फक्त भिंगाचा जाड भाग कुठे आहे ते बघ, कारण हवेतल्या काचेच्या भिंगात किरण नेहमी जाड बाजूकडे झुकतो, प्रिझममध्ये तो पायाकडे झुकतो तसाच. बहिर्वक्र मध्ये जाड, म्हणून किरण अक्षाकडे येतात. अंतर्वक्र काठाला जाड, म्हणून समांतर आलेला किरण अक्षापासून लांब पळतो, आणि असा पळतो की जणू तो वस्तूच्याच बाजूच्या F1 पासून निघालाय. तो मागे तुटक रेषेने वाढव, F1 ला टेकव. आता केंद्रातून सरळ गेलेल्या किरणाला ही तुटक रेषा कुठे छेदते? पोराने पट्टी लावली, डावीकडे भिंगापासून २.४ सेंमीवर. म्हणजे प्रत्यक्षात १२. उंची कागदावर जेमतेम ४ मिलिमीटर, म्हणजे २ सेंमी. सुलटी, लहान, आभासी. मग f = −20 घालून गणित केलं तर v = −12, आणि v भागिले u म्हणजे 0.4, पाच सेंमीचे दोन. ह्यावेळी जुळलं त्याला अर्थ होता, कारण किरण कुठे वळवायचा ते काचेच्या जाडीवरून ठरवलं होतं, तक्त्यावरून नाही.

बाबांचा चेहरा अजून साशंक. म्हणे, "पण सर, एवढीशी प्रतिमा? आणि तीही वस्तूच्याच बाजूला?" मी म्हटलं चष्मा द्या तुमचा. नंबर वजा अडीच, म्हणजे नाकावर अंतर्वक्र भिंग घेऊन हे गृहस्थ माझ्याशी अंतर्वक्र भिंगावरून भांडत होते! चष्मा हातभर लांब धरून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, सुलटं नि बारकं. लांबचं पाहताना अधिक अडीचचं बहिर्वक्र असं हातभर लांब धरलं तर चित्र उलटं दिसलं असतं. (डोळ्याजवळ धरून ही परीक्षा करू नका, जवळ धरल्यावर बहिर्वक्रही सुलटंच दाखवतं, फक्त मोठं, आणि मग पोरं अजून गोंधळतात.) मग गॅलरीत उन्हात गेलो. माझा वाचायचा चष्मा अधिक दोनचा, तो कागदापासून अर्धा मीटर वर धरला की उन्हाचा चकचकीत ठिपका पडतो. बाबांचा कसाही वरखाली केला तरी ठिपका नाही, मध्ये अंधूक सावली आणि भोवती उजळ कडं, कारण उजेड गोळा व्हायच्या ऐवजी बाहेर फेकला जातोय. पोराची वास्तव प्रतिमा अशा भिंगाने पडद्यावर पडायची म्हणजे कठीणच.

तरी अर्ध्याचा दीड व्हावा म्हणून बाबांनी शेवटचा पत्ता टाकला. मोबाइलवर काहीतरी वाचून म्हणाले, "सर, प्रश्नात भिंग हवेत आहे असं कुठे लिहिलंय? काचेपेक्षा जास्त अपवर्तनांकाच्या द्रवात बुडवलं तर अंतर्वक्र बहिर्वक्रासारखंच वागतं!"

आता हे खरंय हो. मुद्दा इतका बरोबर की मला त्यांचं कौतुकच वाटलं. पाण्याने भागणार नाही, पाण्याचा अपवर्तनांक काचेहून कमी, पण कार्बन डायसल्फाइड चालेल, त्याचा सुमारे १.६३ आणि साध्या काचेचा १.५. म्हटलं चला, बुडवू तुमच्या मुलाचं भिंग. कागद घेतला, हिशेब केला. हवेत −20 असलेलं f त्या द्रवात होतं साधारण +125. म्हणजे ३० सेंमीवरची वस्तू पडते नाभीच्या आत, आणि प्रतिमा येते पुन्हा आभासी, पुन्हा सुलटी, पुन्हा वस्तूच्याच बाजूला, साधारण ४० सेंमीवर, फक्त वस्तूपेक्षा थोडी मोठी.

बाबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा लावून. मग पोराकडे वळले, "तू तरी बुडवलं होतंस का कशात?"

"नाही बाबा."

"मग अर्धा तरी कसला दिला सरांनी?"

म्हटलं, समांतर किरण समांतर काढला होता, त्याचा.