चटक्याने मूल शिकत नाही, भाजते

“मुलांना तिसऱ्या वर्षापासून शेगडीजवळ उभे करा. एकदा चटका बसला की ती आयुष्यभर शिकतात. भाजलेच तर टूथपेस्ट लावा. त्यांना बोथट सुरी द्या, म्हणजे कापणार नाही. कच्चे पीठ चाटले, हात धुतले नाहीत तरी बिघडत नाही, उलट प्रतिकारशक्ती वाढते.”

हा संदेश माझ्या धाकट्या बहिणीने तिच्या चार वर्षांच्या मुलासाठी जपून ठेवला, म्हणून उत्तर लिहिणे भाग आहे. त्यातली एकच गोष्ट मला पूर्ण मान्य आहे: तिसऱ्या वर्षापासून मुलांना स्वयंपाकघरात कामे द्यावीत. बाकीचे बहुतेक सगळे चुकीचे आहे आणि चटक्याचा सल्ला तर सरळसरळ घातक आहे.

गरम पदार्थाने त्वचा किती वेळात भाजते, याचा पायाभूत अभ्यास मोरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. ४९ अंश सेल्सिअस तापमानाला खोल इजा होण्यास सुमारे दहा मिनिटे लागतात, ६० अंशांना जेमतेम पाच सेकंद, आणि ७० अंशांना तर एक सेकंद पुरतो. हे आकडे प्रौढांसाठी म्हणून वापरले जातात; लहान मुलाची त्वचा पातळ असल्यामुळे ती याहूनही लवकर भाजते. नुकत्याच उकळलेल्या पाण्याचे तापमान शंभर अंशांच्या आसपास असते, त्यामुळे धडा शिकवून सोडून देणारा सौम्य चटका तिथे संभवतच नाही.

शिवाय मूल जळती शेगडी पाहून तिला हात लावते आणि झटकन मागे घेते, हे चित्रच अपुरे आहे. तापलेल्या धातूपासून हात मागे घेता येतो, अंगावर सांडलेल्या पाण्यापासून अंग मागे घेता येत नाही. समजा, ओट्याच्या कडेबाहेर आलेला पातेल्याचा दांडा चार वर्षांच्या मुलाने ओढला आणि अर्धा लिटर उकळते पाणी खाली आले. ते चेहरा, मान आणि छातीवरून वाहते, सदरा ते शोषून घेतो आणि कापड अंगाला चिकटून राहिल्याने भाजणे सुरूच राहते. मुलाचा स्वतःचा तळहात बोटांसह त्याच्या शरीराच्या सुमारे एक टक्का असतो. असे दहा तळहात मावतील एवढा भाग खोलवर भाजला, तर मुलाला सहसा शिरेतून सलाइन द्यावे लागते.

म्हणून पातेले मागच्या शेगडीवर आणि दांडा आत वळवलेला असावा. पेटत्या शेगडीभोवती एक मीटरचे अंतर लहान मुलांसाठी बंद असावे आणि मुलाचे स्टूल त्या अंतराच्या बाहेरच ठेवावे. अंगावर गरम काही सांडलेच, तर न चिकटलेले कपडे ताबडतोब काढावेत आणि भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरावा; बाकीचे अंग मात्र उबदार ठेवावे. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो, म्हणून उशीर झाला तरी हे टाळू नये. बर्फाने त्वचेला आणखी इजा होते. टूथपेस्टने उष्णता उतरत नाही, वर डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रिय भाजले असेल, किंवा फोड मुलाच्या तळहाताहून मोठा असेल, तर प्रथमोपचारानंतर थेट रुग्णालय गाठावे.

सुरीबाबत अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. चार-पाच वर्षांच्या मुलाने धार नसलेल्या सुरीने पिकलेले केळे कापावे, त्यात धोका जवळजवळ नाही. पण तीच सुरी गाजरावर चालवली, की मूल जोर लावते आणि पाते घसरून बोटावर येते. सात-आठ वर्षांपासून मोठ्यांच्या शेजारी उभे राहून लहान, धारदार सुरी हाती द्यावी. आधी मोठ्यांनी गाजर उभे चिरून सपाट बाजू खाली ठेवावी, आणि मुलाने धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवून कापावे. सुरी निसटली तर ती पकडायची नाही, मागे सरकायचे, हे पहिल्याच दिवशी सांगावे.

जंतूंबाबत संदेशाने दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ केली आहे. माती, प्राणी आणि इतर मुलांच्या सहवासातल्या जंतूंशी लहानपणी ओळख झालेली बरी, असे म्हणायला आधार आहे. कच्च्या मांसातले आणि अंड्यातले साल्मोनेला त्यात येत नाहीत. पीठही कच्चेच असते, दळताना त्यातले जंतू मरत नाहीत, ई. कोलायचे काही प्रकार त्यातून पोटात गेल्यास पाच वर्षांखालील मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. म्हणून पीठ मळू द्यावे, पण चाटू देऊ नये. कामाआधी आणि कच्च्या पिठाला, अंड्याला किंवा मांसाला हात लावल्यानंतर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत.

तीन-चार वर्षांच्या मुलाला भाज्या धुणे, पाने तोडणे, थंड मिश्रण ढवळणे ही कामे पुरतात. शेगडीवर ढवळायला दहाव्या वर्षाच्या आसपास सुरुवात करावी, तीही मूल स्टुलाशिवाय भांड्याच्या आत पाहू शकत असेल आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर उभे असेल तरच.