पानि, पानी आणि पाणी

दर रविवारी ठाण्याच्या तलावपाळीवर आमचं टोळकं जमतं. गडकरी रंगायतनच्या अलीकडचा तो कठडा आमचाच, असा आमचा समज आहे. परवा माझ्या पिशवीत एका दिवाळी अंकाची प्रुफं होती, आणि ती मास्तरच्या हाती लागली. मास्तर म्हणजे आमच्या वर्गातलाच. तीस वर्षं मराठी शिकवून नुकताच निवृत्त झालाय. खिशात लाल पेन अजून असतंच.

कथा घणसोलीकडच्या एका आगरी लेखिकेची. खाडीत निवट्या-खेकडे पकडून घर चालवणारी आई, आणि इस्पितळात नर्स झालेली मुलगी. मास्तरने पहिल्याच संवादावर पेन टेकवलं. वाक्यं होती: ‘आयस सकालीच खारीवर जेली. मना बोलली, पानि भरून ठेव.’ मी चहा घेऊन येईपर्यंत त्याचं झालं होतं: ‘आई सकाळीच खाडीवर गेली. मला म्हणाली, पाणी भरून ठेव.’

दिनेश उसळलाच. तो स्वतः आगरी. “अरे, हिला काय सदाशिव पेठेत दिलीस काय? माझी आजी ‘सकाळीच’ म्हणाली असती तर आम्ही डॉक्टर बोलावला असता.”

“मग छापू तसंच? ‘पानि’? शेवटी ऱ्हस्व?” मास्तर म्हणाला. “उद्या पोरं मला विचारतील.”

“तसंच्या तसं छापायचं,” दिनेश म्हणाला. “बोली आहे ती. बोलीला कसले नियम?”

मला दोघेही अर्धे बरोबर वाटले, म्हणून मी तो एकच शब्द पुढ्यात घेतला. ‘पानि’मध्ये प्रमाणलेखनाहून वेगळ्या गोष्टी दोन आहेत: ‘ण’च्या जागी ‘न’, आणि दीर्घाच्या जागी ऱ्हस्व. पहिली गोष्ट कानाला ऐकू येते. आगरी माणूस ‘न’ म्हणतो. तो लेखिकेने मुद्दाम लिहिलाय, त्याला हात लावायचा नाही. दुसरी ऐकू येत नाही. तिथे आजीही दीर्घच म्हणते, कारण मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घच उच्चारला जातो, आणि मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखननियमही तो दीर्घच लिहा म्हणतात. म्हणजे तो ऱ्हस्व बोलीचा नाही, नुसता टंकताना झालेला. तेव्हा दुरुस्ती ‘पाणी’ नव्हे, ‘पानी’. तसंच पुढे ‘दिस’ आलंय; त्याचं ‘दीस’ करायचं, ‘दिवस’ नाही.

“आणि ‘आनि’?” मास्तरने खोड काढलीच. “तो पण दीर्घ करशील?”

प्रश्न चांगला होता. ‘आणि’ आणि ‘नि’ हे त्या नियमाला अपवाद आहेत, ऱ्हस्वच लिहायचे. मग ‘आनि’लाही तीच सवलत द्यावी असं माझं मत. पण तिने पाच ठिकाणी ‘आनि’ आणि दोन ठिकाणी ‘आनी’ लिहिलंय, ते एकसारखं करावं लागेल.

‘खारी’वर मात्र माझाही हात थांबला होता. आगरीत दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ होतो. गाडीची गारी, होडीची होरी, पडलाचा परला. म्हणून आईच्या तोंडी ‘खारी’ म्हणजे खाडी, हे ठीक. पण तिसऱ्या पानावर निवेदनात आहे: ‘बांध फुटला आणि खारी जमीन वर्षभर पडून राहिली.’ हे निवेदन बाकी सगळं प्रमाण मराठीत आहे. इथे ‘खारी’ म्हणजे खारट. शब्द तोच, अर्थ निराळा. मास्तरने तिथेही ‘खाडी’ केलं होतं! एकदा ‘खारी’ची ‘खाडी’ करायची सवय लागली की डोळा वाक्य वाचायचं सोडतो, नुसता शब्द शोधतो. माझ्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने असंच एकदा शोधा-बदला चालवून सगळ्या ‘पानी’चं ‘पाणी’ केलं होतं. अंकात ‘जपाणी नायलॉनची जाळी’ छापून आली. ‘कोली’चं ‘कोळी’ करताना पाककृतीच्या पानावर ‘ब्रोकोळी’ झाली, ती वेगळीच.

वैशाली इतका वेळ शेंगदाणे खात होती. ती म्हणाली, “आणि याच्या उलटं? आमच्या ऑफिसातला एक जण ‘मणापासून धन्यवाद’ लिहितो.”

हे खरं अवघड प्रकरण, आणि याच कथेतही ते आहे. निवेदनात एके ठिकाणी ‘तिचं मण भरून आलं’. आगरीत ‘ण’च नाही, मग हा आला कुठून? शाळेत. ‘पानी’ नव्हे ‘पाणी’, म्हणून ज्याला छड्या बसतात तो पुढे जिथे नको तिथेही ‘ण’ लावून मोकळा होतो. ती बोली नव्हे, बोलीबद्दल मनात बसलेली भीती आहे. ते मात्र मी न विचारता दुरुस्त करतो. नाहीतर वाचकाला चाळीस शेर भरून आल्यासारखं वाटेल. मास्तर यावर काही बोलला नाही. छड्यांचा विषय निघाला की तो तलावातल्या कारंज्याकडे बघतो.

संवाद राखायचे आणि निवेदन सुधारायचं, एवढ्यावर दिनेशचंही भागलं असतं. पण नियम असा सरळ चालत नाही. निवेदन करणारा ‘मी’ स्वतःच बोलीत बोलत असेल तर अख्ख्या निवेदनालाच संवाद धरावं लागतं. ‘असं केलं’ की ‘असे केले’ हेही त्यावरच ठरतं. म्हणून मी प्रुफाला लागण्याआधी एका कागदावर लिहून काढतो: कोण बोलतंय, कोणापाशी, आणि त्याच्या तोंडी ‘ण’, ‘ळ’, ‘ड’ यांचं काय होतं. राखायच्या शब्दाखाली टिंबं देऊन समासात ‘तसेच ठेवा’ लिहितो, नाहीतर पुढचा ऑपरेटर मेहरबानी करतोच.

या कथेत त्या कागदावर मुलीपुढे दोन रकाने झाले. आईशी बोलताना ‘पानी’, डॉक्टरांशी ‘पाणी’. मुलगी कुठेही चुकत नव्हती. शेवटच्या पानावर आईलाच स्ट्रेचरवरून आणतात, आणि मुलगी डॉक्टरांना म्हणते, ‘सर, हिला पानी देऊ का?’

“इथे ‘पाणी’ हवं,” मास्तर म्हणाला. “तुझ्याच कागदाप्रमाणे.”

“अरे वेडा आहेस का?” दिनेश म्हणाला. “तिथेच तर ती पोर घरची झालीय. लेखिकेने केवढा विचार केलाय त्यात!”

मलाही तसंच वाटलं होतं. पण वाटण्यावर ठेवायचं नाही म्हणून शनिवारी तिला फोन लावला होता. ती थोडी ओशाळली. “अय्या, ते चुकून राहिलं, सर. तिथे ‘पाणी’च लिहायचं होतं.” मग जरा थांबून म्हणाली, “पण राहू दे ना. आता तसंच बरोबर वाटतंय.”

“म्हणजे चूकच होती!” मास्तर म्हणाला.

“होती,” दिनेश म्हणाला. “आता नाहीये.”

मास्तरने पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, आणि ‘पानी’खाली स्वतःच्या हाताने चार टिंबं दिली. मग समासात ‘तसेच ठेवा’च्या खाली बारीक अक्षरात लिहिलं: ‘लेखिकेच्या जबाबदारीवर.’