"एआयचं चित्र हाय ते, त्याला कुठला मालक?"

आज सकाळी क्लासला जाताना चौकातला फ्लेक्स बघितला आणि डोकंच फिरलं. कुणाचा तरी वाढदिवस, खाली नेहमीची शुभेच्छुकांची रांग, आणि बॅकग्राउंडला आमच्या क्लासमधल्या बारावीतल्या पोरीचं चित्र. सरकारी घाट, डावीकडं अर्धी कापलेली आयर्विन पुलाची कमान, पायरीवर वाकून कपडे पिळणारी बाई. तिनं स्टेटसला ठेवलं होतं, तिथनंच कुणीतरी उचललं असणार. फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा नंबर असतोच, गाडी बाजूला घेऊन फोन लावला. गडी एकदम शांतपणे म्हणतो, "ओ मॅडम, एआयचं चित्र हाय ते. त्याला कुठला मालक आलाय?"

आता तुम्ही सगळे माझ्या लिस्टमधली माणसं, न विचारता दुसऱ्याचं चित्र उचलायचं नसतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण गंमत अशी की याच चित्रावर गेल्या महिन्यात क्लासमधे आमची मोठी भांडणं झाली होती, त्यामुळं त्याच्या या एका वाक्यावर माझ्याकडं उत्तर तयार होतं. त्यानं ते ऐकून घेतलं नाही, "बघतो" म्हणून फोन ठेवला. म्हणून इथं लिहितेय. थोडं लांबणार आहे.

झालं असं होतं. ती पोरगी घाटावर बसून स्केच करून आली, फोर बी पेन्सिल, बऱ्यापैकी गिचमिड पण जिवंत. त्याचा मोबाईलवर फोटो काढला, ॲपमधे टाकला, "तैलचित्र, संध्याकाळचा प्रकाश" असं काहीतरी लिहिलं, आणि जे आलं ते घेऊन क्लासला आली. खाली कोपऱ्यात स्वतःची सही. झालं, पोरं तुटून पडली. एक म्हणतो हे तुझं नाहीच, मशीनचं आहे. ती म्हणते स्केच माझंच आहे की. तिसरा म्हणतो ज्यांची लाखो चित्रं खाऊन ते ॲप शिकलं त्यांचं आहे. (हा तिसरा मुद्दा खरा आहे आणि मोठाही आहे, त्यावर जगभर कोर्टात केसेस चालू आहेत, पण तो आज नको, नाहीतर रात्र होईल.)

मी म्हटलं तोंडानं भांडू नका. चित्राची ए फोर कलर प्रिंट काढून आणली, त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवला, शेजारी मूळ स्केच ठेवलं. जे स्केचमधनं जसंच्या तसं आलंय ते लाल पेन्सिलनं, जे मशीननं घातलंय ते निळ्या. करा.

अर्धा तास खोलीत आवाज नाही. लाल काय निघालं? कमान कुठं कापायची ते, पायऱ्यांचा उतार, त्या बाईच्या पाठीचा बाक, आणि उजवीकडं वर मोकळं सोडलेलं आभाळ. निळं काय निघालं? आभाळाचा केशरी रंग, पाण्यावर तरंगणारे दिवे, मागं देवळांची शिखरं, आणि घाटावर बांबूच्या मोठ्या छत्र्या! अहो, सांगलीच्या घाटावर कुठल्या आल्या छत्र्या, त्या काशीच्या. मशीनला घाट म्हटलं की काशीच दिसते. आणि त्या बाईची बोटं पिळलेल्या कापडातच विरघळलेली, बोट कुठं संपतं आणि पदर कुठं सुरू होतो कळत नाही. पोरगी स्वतःच म्हणाली, "मॅडम, हे मी बघितलंच नव्हतं."

तर त्या फ्लेक्सवाल्याला माझं म्हणणं एवढंच आहे की लाल जे आहे त्याला मालक आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्र काढलं की हक्क तयार होतो, रजिस्टर करायला लागत नाही (पालक पहिला प्रश्न हाच विचारतात, म्हणून सांगून ठेवते, रजिस्ट्रेशन फक्त पुराव्याला उपयोगी पडतं). चित्र चांगलं आहे का वाईट हेसुद्धा कायदा बघत नाही. आणि हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मेल्यावर पुढं ६० वर्षं. यावर एक जण म्हणालाच, "म्हणजे हिची नातवंडं त्या फ्लेक्सवाल्याला धरणार." म्हटलं, धरू देत की. कुणी तुमच्या स्केचवर मशीननं रंग चढवला म्हणून खालचं स्केच बेवारस होत नाही. त्यातला महत्त्वाचा भाग ओळखू येण्यासारखा शिल्लक आहे ना, मग न विचारता छापता येत नाही.

आणि फ्लेक्सवर साहेबांचा फोटो कुठं बसवलाय माहितीये? तिनं उजवीकडं वर जी मोकळी जागा सोडली होती बरोबर तिथं! म्हणजे तिची रचना वापरलीच, फोटोच्या जागेसकट वापरली. संताप यायचा तो इथं आला.

बरं, आता दुसरी बाजू. फक्त छत्र्या आणि दिवे कापून घेतले असते तर ती काय करू शकली असती? मला वाटतं फारसं काही नाही. अमेरिकेत हेच झालंय. तिथं एका आर्टिस्टनं हातानं रेखाटलेला चेहरा आणि फुलं मशीनला देऊन चित्र करून घेतलं, "रोझ एनिग्मा" नावाचं. तिथल्या कॉपीराइट ऑफिसनं ते रजिस्टर केलं, पण अट घालून. चेहऱ्याची बाह्यरेषा, नाक, ओठ, फुलांच्या देठांची मांडणी, जे तिच्या हातचं म्हणून स्पष्ट दिसतं तेवढं तिचं. मशीननं दिलेला उठाव, मागचा उजेड-सावली, ते वगळलं. पोरांना हे सांगितलं तेव्हा सगळी आपापल्या ट्रेसिंग पेपरकडं बघायला लागली. लाल आणि निळं, तेच.

याच्या उलट आपल्याच देशातली केस. अंकित साहनी म्हणून वकील आहेत, त्यांचं "सूर्यास्त". स्वतः काढलेला सूर्यास्ताचा फोटो, व्हॅन गॉगचं "स्टारी नाइट" शैलीसाठी, आणि शैली किती चढवायची त्याचा एक आकडा, अशा तीन गोष्टी ॲपला दिल्या. भारतात २०२० मधे याचं रजिस्ट्रेशन चक्क झालं, ॲपचं नाव सहलेखक म्हणून! मग ऑफिसला जाग आली आणि रद्द का करू नये म्हणून नोटीस गेली. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मधे सरळ नाकारलं. कारण काय, तर कुठला रंग कुठं पडणार, तारे कुठं येणार, हे त्या आकड्यानं ठरत नाही, ते ॲपनं ठरवलं. फोटो त्यांचा तो त्यांचाच राहिला.

इथं आमचा एक हुशार प्राणी उठला. तो स्केच काढतच नाही, नुसते प्रॉम्प्ट लिहितो. म्हणतो, "मॅडम, मी रात्रभर बसून प्रॉम्प्ट बदलले, ते कष्ट नाहीत का?" कष्ट आहेत रे बाबा, कोण नाही म्हणतंय. पण २००७ मधे आपल्या सुप्रीम कोर्टानं ईस्टर्न बुक कंपनीच्या केसमधे सांगितलंय की नुसते कष्ट आणि पैसा घातला म्हणून काम ओरिजिनल होत नाही, त्यात स्वतःचं कौशल्य, निवड आणि थोडी तरी सर्जकता दिसायला लागते. हॉटेलात शंभर वेळा "तिखट कमी करा" सांगून भाजी आपण केलेली होत नाही. तो जाम चिडला. चिडू दे. पण मग त्यानं मोबाईलवर कायदा उघडून दाखवला की आपल्या कायद्यात १९९४ पासून लिहिलंय, कॉम्प्युटरनं तयार झालेल्या चित्राचा कर्ता म्हणजे ते तयार करवून घेणारी व्यक्ती. बरोबर आहे त्याचं, आहे तसं. आता करवून घेणारा कोण, बटण दाबणारा का ॲपवाली कंपनी, हे तिथं सांगितलेलं नाही, आणि हे लिहिलं तेव्हा असली ॲप कुणाच्या स्वप्नात पण नव्हती. पण त्याला पूर्ण खोटं नाही पाडता आलं, हे मान्य. आणि त्याच्या चित्रापुरतं फ्लेक्सवाल्याचं म्हणणं अर्धंमुर्धं खरं निघू शकतं, हेही मान्य. बास.

स्टाईलचं पण एकदा सांगून टाकते कारण दर वर्षी विचारतात. शैलीवर कुणाचा हक्क नसतो, ठराविक चित्रावर असतो. रविवर्मा १९०६ ला गेले, त्यांच्या चित्रावरून काय हवं ते करा, औंधच्या म्युझियमला जाऊन समोर बसून कॉपी करा, खाली "रविवर्मावरून" लिहा, कुणी चोर म्हणणार नाही. दीनानाथ दलाल १९७१ ला गेले, म्हणजे त्यांची चित्रं २०३१ संपेपर्यंत कायद्यात आहेत. दलालांसारखी बाई काढून मागणं एक, आणि दलालांचंच मुखपृष्ठ मशीनमधे टाकून "जरा बदलून दे" म्हणणं वेगळं. पोरांना हा फरक लगेच कळतो. मोठ्यांना कळत नाही, किंवा कळून घ्यायचा नसतो.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. संध्याकाळी ती पोरगी क्लासला आली होती, फ्लेक्स तिनं माझ्या आधीच बघितला होता. मला वाटलं रडेल. तर म्हणाली, "मॅडम, त्यांनी छत्र्या तशाच ठेवल्यात, सगळ्या सांगलीला दिसणार आता." तिला चोरीपेक्षा त्या छत्र्यांची लाज जास्त वाटत होती. तिनं ते चित्र परत हातानं करायला घेतलंय, पोस्टर कलरमधे, छत्र्या काढून, बोटं नीट करून. मूळ स्केच, त्याचा तारखेसकट फोटो, ॲपमधे काय लिहिलं ते आणि तो ट्रेसिंग पेपर, सगळं एका फाईलला लावून ठेवायला लावलंय. उद्या भांडायची वेळ आली तर याच गोष्टी कामाला येतात, स्टेटसचा स्क्रीनशॉट नाही.

फ्लेक्सवाल्याकडं तिच्या वडलांना घेऊन उद्या जाणार आहे, मूळ स्केच हातात घेऊन. पैसे नकोत, तिचं नाव तरी टाका म्हणणार. नाही ऐकलं तर वकिलाची नोटीस.

आणि जी मंडळं मला चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावतात त्यांना आधीच सांगते, या वर्षीपासून फॉर्मवर तीन ओळी पाहिजेत. हातानं काय केलं, मशीननं काय केलं, कुणाच्या चित्रावरून घेतलं. एआय वापरलं म्हणून मी कुणाला बाद करणार नाही. पण कच्चं काम सोबत जोडलेलं नसेल तर मी ते चित्र बघणार नाही, मग ते कुणाच्या का पुतण्याचं असेना. हे चालत नसेल तर दुसरा परीक्षक बघा, सांगलीत कमी नाहीत.