कोटेशन पोचलं, शेठ हरवले

कोटेशन मागताना बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतले शेठ दिवसातून चार फोन करतात. "भाऊ, आजच पाठवा, मशीन अर्जंट आहे." आपण मशीन विकणारे जागून ते पाठवतो, व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि शेठ जणू चारधामला निघून जातात.

मग आपण विचारतो, "कोटेशन मिळालं ना?" निळ्या खुणा दिसत असताना हा प्रश्न म्हणजे जेवून उठलेल्याला 'जेवलात का' विचारणं. उत्तर ठरलेलं : "जोईने कहूं छूं." बडोद्याच्या मराठी माणसाला याचा भाषांतरासकट अर्थ पाठ असतो. पाहणंही नाही, सांगणंही नाही.

याहून वाईट म्हणजे घाबरून आपणच भाव 5 टक्के कमी करणं. तोंड न उघडता पाच सुटले, तर आणखी आठवडाभर गप्प बसल्यावर किती सुटतील, हे शेठना त्रैराशिक न मांडता कळतं.

खरं दुखणं बहुधा निराळंच असतं. समजा, हवा दाबणाऱ्या 20 एचपीच्या स्क्रू कंप्रेसरचं आमचं कोटेशन 6 लाख 40 हजारांचं आहे आणि दुसऱ्याचं 5 लाख 30 हजारांचं. आमच्यात ड्रायर, 500 लिटरची टाकी आणि पाइपिंग धरलंय, पण ते लिहिलंय तिसऱ्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. परचेसवाल्याच्या तक्त्यात फक्त शेवटचा आकडा चढतो. तिथे आम्ही महागडे ठरतो आणि महागड्याला फोन कोण करणार?

म्हणून शेठना सोडून मेंटेनन्सवाल्या काकांना फोन लावायचा. "काका, एअर लाइनमध्ये पाणी येतं का हो?" हवा दाबून थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, पावसाळ्यात तर फारच. ड्रायर नसेल तर ते थेट व्हॉल्व्ह आणि सिलिंडरपर्यंत जातं. काका याच पाण्याच्या नावाने वर्षभर बोटं मोडत असतात. त्यांचं रडगाणं पूर्ण ऐकावं, मध्ये मशीन विकू नये.

मग एका पानाचं रिव्हिजन 1 : मशीन 5,25,000, ड्रायर 70,000, टाकी 30,000, पाइपिंग 15,000. बेरीज तीच, पण आता मशीनला मशीन भिडतं आणि आम्ही पाच हजारांनी स्वस्त! सोबत शेठना एकच ओळ : "ड्रायर ठेवू की काढू?" याला एका शब्दात उत्तर देता येतं, म्हणून ते येतं.

नाहीच आलं, तर मुदतीच्या दोन दिवस आधी कळवायचं की परवा भावाची मुदत संपतेय, फाइल बंद करतोय. आणि खरंच बंद करायची. दर सोमवारी तीच धमकी दिली तर तिचा सुप्रभात संदेश होतो. मशीन कधी बसवायचं, कुठे बसवायचं, यातलं काहीच समोरच्याला सांगता येत नसेल, तर तीन कोटेशनं जमवायच्या नियमात आपण नुसती संख्या भरणारे तिसरे आहोत, हे ओळखावं. तिथे कुठलीच मात्रा लागू पडत नाही.

एरवी रात्री साडेदहाला फोन किणकिणतो. "ड्रायर राखो." पाठोपाठ दुसरा मेसेज : "पण डिस्काउंट केटलो?"